तीन मजली मथळा

१९७१ च्या जनगणनेची जिल्हा पुस्तिका उघडली की प्राथमिक जनगणना गोषवारा समोरासमोरच्या दोन पानांवर पसरलेला दिसतो. एका गावाला एक ओळ. सुरुवातीला गावाचं नाव, क्षेत्रफळ, घरं, कुटुंबं, मग लोकसंख्या, अनुसूचित जाती, जमाती, साक्षर, आणि त्यापुढे काम करणाऱ्यांचे नऊ वर्ग, प्रत्येकात पुरुष आणि स्त्रिया वेगळे. आकडे छापील आणि सुबक असतात. ओसीआरने आकडा चुकवला तर तो बेरजेत कधीतरी पकडला जातो. खरी डोकेदुखी असते आकड्यांच्या वरच्या भागाची, म्हणजे मथळ्याची.

पुण्यातल्या एका लहानशा संशोधन गटात विदा-नोंदीचं काम करणाऱ्या तरुणीकडे अशीच पानं आली होती. एकाच जिल्ह्याची, दोन जनगणनांची, १९६१ आणि १९७१ ची. सगळी स्कॅन केलेली. गटाला गावनिहाय तुलना करायची होती आणि त्यासाठी सगळं पोस्टग्रेसच्या एका तक्त्यात हवं होतं. डेटाबेसला मथळ्याची एकच ओळ समजते: प्रत्येक रकान्याला एक नाव, आणि दोन रकान्यांना सारखं नाव नाही. छापील पानावर मात्र मथळा तीन मजली. वरच्या मजल्यावर ‘उत्पादन, प्रक्रिया, सेवा व दुरुस्ती’ असा चार रकान्यांवर आडवा पसरलेला चौकोन, त्याच्या खाली ‘घरगुती उद्योगात’ आणि ‘घरगुती उद्योगाखेरीज’ असे दोन, आणि तळमजल्यावर पुन्हा पुन्हा ‘पुरुष, स्त्रिया, पुरुष, स्त्रिया’. शेजारच्या खाणकामाला मधला मजलाच नाही. त्याचा चौकोन वरून थेट पुरुष-स्त्रियांपर्यंत उतरतो. गावाच्या नावाचा चौकोन तर तिन्ही मजले एकट्याने व्यापून बसलेला.

या पानाचं ओसीआर करून एक्सेल बनवली की मर्ज केलेले सेल उरत नाहीत. उरतात तीन ओळी आणि त्यात मध्येच कुठेतरी शब्द, बाकी रिकाम्या जागा. रिकाम्या जागा भरायचा रूढ उपाय सगळ्यांना ठाऊक असतो: डावीकडचा शब्द उजवीकडे ओढत न्यायचा, पुढचा शब्द येईपर्यंत. एक्सेलमध्येच मर्ज केलेला सेल सोडवला असेल तर हा उपाय चालतो, कारण तिथे मजकूर नेहमी वरच्या डाव्या कोपऱ्यातल्या सेलमध्ये असतो. स्कॅनची गोष्ट निराळी. छापखान्याने मथळा चौकोनाच्या मधोमध बसवलेला असतो आणि ओसीआर शब्द जिथे दिसतो तिथेच टाकतं. त्यामुळे चार रकान्यांवर पसरलेलं ‘उत्पादन’ दुसऱ्या किंवा तिसऱ्या रकान्यात येऊन पडतं.

ओढणं तिथेच फसतं. ‘उत्पादन’ दुसऱ्या रकान्यात पडलं, तर त्याच्या हक्काचा पहिला रकाना, म्हणजे घरगुती उद्योगातले पुरुष, डावीकडच्या शेजाऱ्याच्या नावावर जातो. शेजारी खाणकाम. आता खाणकामाला तीन रकाने झाले: पुरुष, स्त्रिया आणि आणखी पुरुष.

एवढी ढोबळ चूक लगेच दिसायला हवी, पण दिसत नाही. पायथनच्या पँडाजमध्ये सीएसव्ही वाचली की दोन सारख्या नावांतल्या दुसऱ्याला गुपचूप शेपूट जोडलं जातं आणि `mine_m` च्या जोडीला `mine_m.1` तयार होतं. तिथून थेट डेटाबेसमध्ये पाठवलं तर तेही बिनतक्रार जातं. पोस्टग्रेसमध्ये तक्ता स्वतःच्या हाताने बनवला असता तर तो अडून बसला असता:

```
ERROR:  column "mine_m" specified more than once
```

म्हणून तिने सवय लावून घेतली की मथळ्याची ओळ आधी पोस्टग्रेसला दाखवायची, पँडाजला नंतर. सोय करून देणाऱ्यापेक्षा हटून बसणारं साधन इथे बरं. नावात `.1` दिसलं की समजायचं, वरच्या मजल्यावर कुणीतरी शेजाऱ्याची जागा बळकावली आहे.

दुसरी गफलत याहून बारीक. समजा वरचा मजला नीट भरला. आता मधला मजला तसाच ओढायला घेतला. ‘घरगुती उद्योगाखेरीज’ हा शब्द आपले दोन रकाने भरून थांबत नाही. पुढे बांधकामाचा वर्ग आहे, त्याला मधला मजला नाही, म्हणजे जागा रिकामी आहे, म्हणून शब्द तिकडे जातो. तिथून व्यापार, मग वाहतूक, मग इतर सेवा, आणि शेवटी काम न करणाऱ्यांपर्यंत. ‘काम न करणारे, घरगुती उद्योगाखेरीज, स्त्रिया’ असा रकाना तयार होतो. नावं एकमेकांपासून वेगळीच राहतात, त्यामुळे डेटाबेसचीही तक्रार नाही. उपाय सोपा आहे: मधला मजला ओढायचा तो वरच्या मजल्याच्या घरातच, बाहेर नाही. मथळ्याच्या ओळी उभ्या करून, म्हणजे प्रत्येक रकान्याला एक ओळ करून घेतली, की हे चार ओळींत होतं.

```python
h = pd.read_excel("pca71.xlsx", header=None, nrows=3).T
h.columns = ["l1", "l2", "l3"]
h["l1"] = h["l1"].ffill()
h["l2"] = h.groupby("l1", sort=False)["l2"].ffill()
```

पण यातली तिसरी ओळ अजूनही गृहीत धरते की वरचा शब्द आपल्या घराच्या डाव्या भिंतीशीच आहे. स्कॅनमध्ये तो तसा नसतो, हे वर आलंच. मग घर कुठे सुरू होतं ते कळणार कसं?

गटात जनगणना कार्यालयातून निवृत्त झालेले एक गृहस्थ अधूनमधून येत. सगळे त्यांना काका म्हणत. पडद्यावर शब्द इकडून तिकडे ढकलत बसलेल्या तिला बघून ते म्हणाले, “अगं, शब्द काय वाचतेस? रेघा वाच. टेबल बांधणाऱ्याने सगळं रेघांत सांगून ठेवलेलं असतं.”

स्कॅन चारशे टक्के मोठं करून बघितलं की त्यांचं म्हणणं डोळ्यांसमोर येतं. मथळ्यातल्या उभ्या रेघा सगळ्या सारख्या उंचीच्या नसतात. खाणकाम आणि उत्पादन यांच्यामधली रेघ मथळ्याच्या अगदी वरच्या चौकटीला टेकलेली असते. ‘घरगुती उद्योगात’ आणि ‘घरगुती उद्योगाखेरीज’ यांच्यामधली रेघ मधल्या आडव्या रेघेपासून निघते. पुरुष आणि स्त्रिया यांना वेगळं करणारी रेघ सगळ्यात बुटकी, ती तळाच्या आडव्या रेघेखाली सुरू होते. तीन उंचींच्या रेघा, तीन मजले. शब्द एकही न वाचता मथळ्याचा पूर्ण सांगाडा मिळतो.

तिने मग असा तक्ता केला. प्रत्येक रकान्याला एक ओळ, आणि त्या ओळीत त्या रकान्याच्या डाव्या रेघेची उंची: वरपासून आली तर १, मधून आली तर २, तळातून आली तर ३. खाणकाम-पुरुष १, खाणकाम-स्त्रिया ३. पुढे उत्पादनाचे चार रकाने: १, ३, २, ३. मग बांधकाम १, ३. जिथे १ आहे तिथे वरच्या मजल्यावर नवं घर सुरू होतं. जिथे १ किंवा २ आहे तिथे मधल्या मजल्यावर नवी खोली. शब्दाचा मध्यबिंदू ज्या घरात पडतो ते त्याचं घर, मग तो त्यातल्या कुठल्याही रकान्यावर असो. ओढाओढीचा प्रश्नच मिटतो, आणि आकड्यांचा हा एक स्तंभ दुसऱ्या कुणाला पान न उघडता तपासता येतो. उत्पादनाच्या जागी १, ३, ३, ३ दिसलं तर मधली रेघ सुटली हे ताबडतोब कळतं, कारण एका घरात पुरुष-स्त्रियांच्या दोन जोड्या विनाखोली राहू शकत नाहीत.

रेघांनाही मर्यादा आहेत. स्कॅन करताना पुस्तक जरा तिरकं पडलेलं असतं. दोन हजार पिक्सेल रुंदीच्या पानावर एका अंशाचा कल म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुमारे ३५ पिक्सेलांचा फरक, आणि मथळ्याचा एखादा मजला जेमतेम तेवढ्याच उंचीचा असतो. म्हणून आधी पान सरळ करायचं, मग उंची मोजायची. बांधणीच्या घळीत गेलेल्या रेघा तर मिळतच नाहीत. डाव्या पानावर सुरू होऊन उजव्या पानावर संपणारं घर असेल तर उजव्या पानाची पहिली रेघ वरपासून आलेली दिसते, पण ती पानाची कड असते, घराची भिंत नव्हे. तिथे शब्दच वाचावे लागतात.

अशा वेळी आधाराला येते मथळ्याच्या खालची ओळ, जिच्याकडे बहुतेक जण ढुंकूनही बघत नाहीत: रकान्यांचे क्रमांक. १, २, ३ अशी ती डाव्या पानावरून निघते आणि उजव्या पानावर तिथूनच पुढे चालते. दोन पानं जोडताना एक रकाना गळला किंवा एक रेघ चुकून दोन रकान्यांत मोडली, तर क्रमांकात खळगा पडतो. तिच्या तक्त्यात हा क्रमांक पहिला स्तंभ झाला आणि शेवटपर्यंत तसाच राहिला. रकान्याचं नाव पुढे कितीही वेळा बदललं तरी छापील पानावरची त्याची जागा क्रमांकावरून सापडते. या ओळीचा एकच उपद्रव: मथळ्यासकट ती प्रत्येक पानावर पुन्हा छापलेली असते. काढायची राहिली तर डेटाबेसमध्ये ‘२’ नावाचं गाव येतं, ज्याची लोकसंख्या सहा आणि साक्षर पुरुष तेरा. अशी गावं शोधायची सोपी खूण म्हणजे प्रत्येक आकडा शेजाऱ्यापेक्षा बरोबर एकने मोठा.

सांगाडा मिळाल्यावर नावं ठेवायचं काम. इथे प्रत्येकाला स्वतःची भाषा घडवायचा मोह होतो, तो आवरलेला बरा. २००१ आणि २०११ च्या गोषवाऱ्याच्या फाइलींत महानिबंधकांच्या कार्यालयाने स्वतःच सपाट नावं दिलेली आहेत: `TOT_P`, `P_06`, `M_SC`, `F_LIT`, `MAIN_CL_M`. शेवटचं नाव म्हणजे मुख्य काम करणारे, शेतकरी, पुरुष. तीन मजले अधोरेषेने जोडून एका ओळीत. तिने तीच रीत उचलली, फक्त अक्षरं लहान केली, कारण अवतरणचिन्हांशिवाय लिहिलेलं नाव पोस्टग्रेस लहान अक्षरांतच धरतो. एक भाग मात्र जसाच्या तसा घेता येत नव्हता. ‘मुख्य’ आणि ‘सीमान्त’ काम करणारे ही विभागणी १९८१ पासूनची, तेव्हा १९७१ च्या रकान्याला `main_` लावणं म्हणजे त्या पानावर नसलेली गोष्ट त्याच्या तोंडी घालणं.

गटातल्या काहींना नावं मराठीत हवी होती. मागणी रास्त, आणि पोस्टग्रेसला देवनागरीचं वावडंही नाही. अडचण लांबीची. तिथे नाव ६३ बाइटांपर्यंत चालतं, आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. काना, मात्रा, वेलांटी, हलन्त, सगळी वेगळी मोजली जातात. १९८१ च्या पानासाठी कुणीतरी सुचवलेली ही दोन नावं बघा:

```
मुख्य_काम_करणारे_घरगुती_उद्योग_पुरुष
मुख्य_काम_करणारे_घरगुती_उद्योग_स्त्रिया
```

‘घरगुती’ची शेवटची वेलांटी संपते तिथे बरोबर ६३ बाइट भरतात. पुढचं सगळं कापलं जातं, आणि पुरुष व स्त्रिया दोघांचं नाव ‘मुख्य_काम_करणारे_घरगुती’ उरतं. पोस्टग्रेस आधी नाव कापल्याची सूचना देतो आणि मग सारख्या नावांची तक्रार करतो, म्हणून इथे निभावलं. पण त्यातला एकच रकाना घेतला असता तर फक्त सूचना आली असती, आणि सूचना कोण वाचतं? शेवटी तडजोड झाली. रकान्यांना रोमन लिपीतली आखूड नावं, आणि रकान्यांच्या त्या आधीच्या तक्त्यात आणखी एका स्तंभात पूर्ण मराठी नाव. म्हणजे मथळा सोडवताना केलेला कच्चा तक्ताच पुढे डेटाबेसचा कोश झाला: क्रमांक, रेघेची उंची, तीन मजल्यांचा छापील मजकूर, आखूड नाव, मराठी नाव, एकक. एकक विसरून चालत नाही. क्षेत्रफळाच्या मथळ्याखाली कंसात बारीक छापलेलं ‘चौरस मैल’ किंवा ‘हेक्टर’ ओसीआरमध्ये बहुधा पुसट होतं, आणि सपाट नावात ते आलं नाही तर आकडा अनाथ होतो.

नावं बसली, आता ती योग्य रकान्यावर बसली का? त्यासाठी गोषवारा स्वतःच बेरजा पुरवतो. पुरुष अधिक स्त्रिया म्हणजे एकूण लोकसंख्या. नऊ वर्गांतले पुरुष मिळून एकूण काम करणारे पुरुष. त्यात काम न करणारे मिळवले की पुन्हा एकूण पुरुष. नावं एका रकान्याने सरकली असतील तर पुरुषांच्या बेरजेत स्त्रियांचे आकडे येतात आणि जवळजवळ प्रत्येक गावात ती फसते. एकदोन गावांत फसली तर ओसीआरचा दोष, सगळीकडे फसली तर मथळ्याचा. हा फरक ध्यानात ठेवला की कुठे शोधायचं ते लगेच कळतं.

पण बेरजेला एक गोष्ट दिसत नाही. नऊ वर्गांपैकी दोघांची नावं आपसांत बदलली, तर बेरीज तीच राहते. आणि १९६१ व १९७१ ची पानं शेजारी ठेवली की नेमका याचाच सापळा लागलेला असतो.

दोन्ही जनगणनांत काम करणाऱ्यांचे वर्ग नऊ, दोन्हीकडे रोमन अंकांनी छापलेले. पहिले दोन सारखे: शेतकरी आणि शेतमजूर. सहापासून नऊपर्यंतही तोंडवळा तोच: बांधकाम, व्यापार, वाहतूक, इतर सेवा. दोन्ही टोकं जुळलेली बघून मधलंही जुळलं असेल असं डोळा ठरवून टाकतो. घाईत असलेला माणूस मथळ्याचे लांबलचक शब्द सोडून अंक उचलतो, `cat3_m`, `cat4_m` अशी नावं देतो आणि दोन्ही वर्षांचे तक्ते एकाखाली एक चिकटवतो. ते चिकटतातही.

प्रत्यक्षात १९६१ चा चौथा वर्ग म्हणजे घरगुती उद्योग, आणि १९७१ चा चौथा वर्ग म्हणजे खाणकाम. १९६१ मध्ये खाणकाम तिसऱ्या वर्गात होतं, पशुपालन, वनकाम, मासेमारी आणि मळे-बागांच्या सोबत. १९७१ मध्ये ते तिसऱ्यातून काढून चौथं केलं, आणि घरगुती उद्योगाला पाचव्यात नेऊन इतर उत्पादनाच्या शेजारी बसवलं. त्या पाचव्या वर्गाला तीन मजले का, त्याचं उत्तर हेच. १९६१ च्या मथळ्यात घरगुती उद्योग आणि इतर उत्पादन दोन स्वतंत्र घरं होती, म्हणून मधल्या मजल्याची गरजच नव्हती.

अंकावरून नावं ठेवली की विणकरांच्या एखाद्या गावात दहा वर्षांत घरगुती उद्योग नाहीसा झाल्यासारखा दिसतो. १९६१ च्या चौथ्या रकान्यात भरघोस आकडे, १९७१ च्या चौथ्यात शून्य. बहुतेक गावांत खाणी नसतातच, त्यामुळे १९७१ चा तो रकाना वरपासून खालपर्यंत शून्यांनी भरलेला असतो. तिला संशय आला तो त्या शून्यांवरूनच. सबंध तालुक्यात माग एकसारखे एकाच वर्षी बंद पडत नाहीत. काकांनी १९६१ चं पान पुढे ओढलं आणि तिसऱ्या वर्गाचा मथळा शेवटपर्यंत वाचायला लावला. चार ओळींचा, अगदी बारीक टायपातला तो मथळा ओसीआरने पहिल्या दोन शब्दांवर सोडून दिला होता.

त्यानंतर नावांतून अंक हद्दपार झाले. १९६१ चा चौथा `w61_hhind`, १९७१ चा पाचवा (अ) `w71_hhind`, १९६१ चा पाचवा `w61_othmfg` आणि १९७१ चा पाचवा (ब) `w71_othmfg`. वर्ष मात्र नावात मुद्दाम ठेवलं, कारण ‘काम करणारा’ कोण, याची व्याख्या दोन्ही जनगणनांत वेगळी होती. १९७१ मध्ये माणसाचं मुख्य काम धरलं गेलं, त्यामुळे घरकाम सांभाळून शेतात राबणाऱ्या पुष्कळ बायका काम न करणाऱ्यांत गेल्या आणि काम करणाऱ्या स्त्रियांचा आकडा एकदम खाली आला. वर्षाशिवाय `hhind_f` असं नाव ठेवलं तर ते दोन आकडे एकाच मापाचे वाटतील.

उरला तिसरा वर्ग. १९७१ चं पशुपालन आणि खाणकाम बेरीज करून १९६१ च्या तिसऱ्याशी साधारण जुळवता येतं, उलट दिशेने मात्र जाता येत नाही. १९६१ च्या पानावर खाणीतली माणसं गुराख्यांच्या आणि कोळ्यांच्या आकड्यात मिसळलेली आहेत, ती वेगळी काढायला त्या तक्त्यात काही साधन नाही. सामाईक तक्त्यात तिने वर्षाच्या उपसर्गानंतर असे तीन रकाने ठेवले: `live`, `mine` आणि दोघांची बेरीज `live_mine`. १९७१ च्या गावांना तिन्ही भरलेले. १९६१ च्या गावांना फक्त तिसरा, आणि पहिल्या दोघांत `NULL`. आयात करणाऱ्या सहकाऱ्याने रिकाम्या जागी शून्य टाकू का म्हणून विचारलं, तेव्हा तिने त्याला १९७१ चा तो शून्यांचा रकाना दाखवला, ज्यात शून्य म्हणजे खरोखर कुणी नाही, आणि १९६१ साठी आयातीच्या आज्ञेत रिकामी जागा `NULL` म्हणूनच वाचायला सांगितली.